दुपदरी लोकर: टकळीवरचा पीळ आणि उलटा पीळ

घोंगडीचं सूत एकपदरी असतं. मेंढीची लोकर कातून जो धागा निघतो, तोच सणगर मागावर चढवतो. ताण्याला चिंचोक्याची खळ लागते, धागे ताठ होतात, उभे-आडवे एकमेकांत गुंततात आणि प्रत्येक धाग्यातला पीळ जिथल्या तिथे कोंडला जातो. पण हेच सूत विणायच्या सुयांवर घेऊन साधा चौकोन विणला, तर तो चौकोन राहत नाही. एका कोपऱ्याकडे कलतो, आणि पाण्यातून काढला की आणखीच कलतो. सुयांवरचे टाके म्हणजे सैल फासे. धाग्यातला सुटू पाहणारा पीळ त्या सगळ्या फाशांना एकाच बाजूला ढकलत राहतो.

मला दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची बसकरं विणायची होती. राठ लोकर अंगाला टोचते, पण बसायला तिच्यासारखं टिकाऊ दुसरं काही नाही. बसकर चौकोनी हवं तर सूत दुपदरी हवं, आणि नुसतं दुपदरी असून भागत नाही. त्या दोन पदरांचा आपापला पीळ आणि दोघांना एकत्र बांधणारा उलटा पीळ यांची बरोबरी झाली पाहिजे. ही बरोबरी टकळीवर कशी साधते, ते मी माणदेशातल्या एका धनगर आजींकडून आणि नंतर घरी नमुने करून करून शिकले.

आजींची लोकर मेंढ्या कातरून पोत्यात भरलेली होती. धूळ, काटे, गोखरू सगळं तिच्यात. रिठ्याच्या कोमट पाण्यात ती नुसती बुडवून ठेवायची. चोळायची नाही, कारण गरम पाण्यात चोळली की तंतू एकमेकांना कायमचे चिकटतात आणि मग त्यातून धागा ओढता येत नाही. वाळल्यावर हाताने मोकळी करताना जाड, निर्जीव, पांढुरके केस वेगळे काढायचे. ते वळत नाहीत. सुतात राहिले तर पिळाच्या बाहेर टोकं काढून उभे राहतात. मग तारेच्या दातांच्या दोन फण्यांवर विंचरून हलके पेळू करायचे. पेळू घट्ट गुंडाळला तर धागा ओढताना झटके बसतात. फुंकर मारली तर हलेल इतका तो सैल हवा.

शाळेत सूतकताई केलेल्या जुन्या माणसांना पितळी चकतीची, बारीक तारेची टकळी आठवत असेल. ती वाटीत किंवा करवंटीत टेकवून फिरवायची, कारण कापसाचे तंतू आखूड असतात आणि लटकत्या टकळीचं वजन त्यांना पेलत नाही. लोकरीचे तंतू लांब आणि खरबरीत, एकमेकांना धरून राहणारे. म्हणून लोकरीची टकळी हवेत लोंबकळत फिरू शकते. माझ्या टकळीची दांडी लाकडी, वरच्या टोकाशी चकती, त्यावर तारेचा आकडा, आणि वजन ४० ग्रॅम. या लोकरीच्या मध्यम जाडीच्या धाग्याला हे वजन मानवतं. टकळी फार हलकी असेल तर लवकर थांबते आणि उलटी फिरू लागते. तशी उलटी फिरताना घातलेला पीळ निघून जातो आणि धागा हातातच विस्कटतो. फार जड असेल तर पीळ भरण्याआधीच तंतू घसरून टकळी जमिनीवर पडते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दांडीवरची कुकडी वाढते तसं टकळीचं वजनही वाढतं. ३० ग्रॅम सूत गुंडाळलं की ४० ची टकळी ७० ची होते, आणि सुरुवातीला सहज निघणारा बारीक धागा आता तुटू लागतो. म्हणून मी २५ ग्रॅमच्या आसपास कुकडी उतरवते.

आजींनी पहिल्यांदा मला टकळी फिरवू दिलीच नाही. म्हणाल्या, "आधी हातातली लोकर वड. पीळ मागनं यील." पेळूचं टोक उजव्या हातात, बाकी डाव्या, आणि दोन्ही हातांमध्ये चार-पाच बोटांचं अंतर. हे अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडं जास्त लागतं. हात जवळ असतील तर एकाच तंतूची दोन्ही टोकं दोन हातांत सापडतात आणि कितीही जोर लावला तरी लोकर सरकत नाही. हात लांब नेले की तंतू एकमेकांवरून घसरतात आणि पेळू बारीक होत जातो. असं ओढणं हाताला समजलं की मग टकळी.

पिळाचा सगळा कारभार दोन बोटांच्या चिमटीत चालतो. टकळी फिरली की पीळ धाग्यातून वर चढतो आणि चिमटीपाशी थांबतो. चिमटीच्या वर नुसते ओढलेले तंतू, खाली धागा. चिमूट सोडली की पीळ वरच्या लोकरीत घुसतो आणि तिचा दोर होतो, मग ती ओढली जात नाही. नवशिक्याला हे सांभाळायला एक सोपी सोय आहे. टकळी जोरात फिरवायची, धाग्यात पीळ साठू द्यायचा, मग टकळी दोन गुडघ्यांत धरून थांबवायची आणि साठलेला पीळ थोडा थोडा वर सोडत लोकर ओढायची. वेग कमी, पण चिमटीत काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. मी आजही लोकर नवी असली की आधी असंच कातते.

पीळ धाग्यात सगळीकडे सारखा बसत नाही. बारीक जागेला वळायला जोर कमी लागतो, म्हणून पीळ आधी तिथे जातो. जाड जागा पिळावाचून फुगलेली राहते. त्यामुळे धाग्यात बारीक जागा कडक, जाड जागा पोकळ, आणि तुटतो तो बहुतेक वेळा जाड जागीच. दिसायला हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे: तिथे तंतूंना धरून ठेवायला पीळच नाही. याच स्वभावाचा उपयोगही होतो. फुगीर जागा दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ताणायचं. बारीक जागा पिळाने बंद झालेल्या असतात, त्या हलत नाहीत. फक्त जाड जागेतले तंतू सरकतात, ती बारीक होते, आणि लगेच पीळ तिच्यातही शिरतो. म्हणजे धागा सारखा करण्याचं निम्मं काम पीळच करतो, आपण फक्त वेळेवर ताण द्यायचा.

मग प्रश्न येतो किती पीळ. एकपदरी सुताचा पीळ नुसत्या त्या धाग्याकडे बघून ठरवता येत नाही. दुपदरी करताना उलटा पीळ घातला की पहिल्या पिळाचा मोठा भाग सुटतो. दोरी वळताना दोन्ही पदरांना आधी एका बाजूला पीळ देऊन मग उलट्या बाजूला वळवतात, तसंच हे. म्हणून दुपदरीसाठी कातलेला एकपदरी धागा हातात थोडा जास्तच चळवळा वाटला पाहिजे. शांत, गुणी दिसणारा धागा दुपदरीत गेला की ढिला पडतो. दोन्ही पदर फुसफुशीत होतात आणि बसायच्या घर्षणाने त्यातून लोकर निघत राहते.

आजींची कसोटी साधी होती. टकळीजवळचा ताजा धागा वीतभर घ्यायचा, दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणायची आणि मधला भाग सैल सोडायचा. तो आपोआप स्वतःभोवती गुंडाळतो. गुंडाळलेलं जे दिसतं, तेच पुढचं दुपदरी सूत. जाडी, घट्टपणा, पिळाचा कल, सगळं त्यात. ते सैल असेल तर पुढच्या ओढीला टकळी जास्त फिरवायची. ते आवळून त्याला लहान लहान वेटोळी पडत असतील तर टकळी तेवढीच फिरवून लोकर जास्त लांब ओढायची. पीळ कमी-जास्त करायला हातात एवढे दोनच उपाय आहेत: टकळीचे फेरे आणि ओढलेल्या धाग्याची लांबी.

घरी मला हे आकड्यांतही बघायचं होतं. १० सेंटिमीटर धागा टेबलावर दोन्ही टोकांना धरून एका टोकाला काडी बांधली आणि तंतू समांतर होईपर्यंत काडी उलटी फिरवत मोजलं. मनासारख्या गुंडाळणाऱ्या धाग्यात १८ फेरे निघाले. म्हणजे एका मीटरला १८० फेरे. टकळीला बोटांनी दिलेली एक गिरकी त्याला पुरत नाही. दोन-तीनदा फिरवावी लागते, किंवा दांडी मांडीवरून तळहाताने लोटून सोडली तर एकाच लोटीत बरंच भागतं. मी तो गुंडाळलेला तुकडा जाड कागदाला चिकटवला आणि खाली "१८" लिहून ठेवलं. तिथून पुढे दर चार-पाच कातणींनंतर ताजा धागा सैल सोडून त्या तुकड्याशेजारी धरत गेले. हात नकळत बदलतो. सकाळी कातलेलं आणि रात्री दमून कातलेलं सूत सारखं नसतं, आणि दुपदरीत ते लगेच दिसतं.

दिशा ठरवून ठेवणं महत्त्वाचं. मी एकपदरी कातताना टकळी वरून बघता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवते. असा धागा उभा धरला तर तंतूंच्या तिरप्या रेघा खाली डावीकडून वर उजवीकडे जातात. दोन्ही कुकड्या त्याच दिशेच्या हव्यात. एक उलटी असेल तर पुढचा पीळ एका पदराला सोडवतो आणि दुसऱ्याला आवळतो. मग आवळलेल्या पदराभोवती दुसरा नुसता लोंबतो.

दुपदरीला सुरुवात करायच्या आधी मी दोन्ही कुकड्यांचे धागे एकत्र धरून एका गुळगुळीत गोट्यावर गुंडाळते. पीळ न घालता, शेजारी शेजारी, दोन्हींवर सारखा ताण ठेवून. त्या गुंडाळ्यावरून पुढचं काम बेतशीर होतं. कातताना लागणारी दोन हातांची कसरत संपते. एक हात टकळीला, दुसरा फक्त धागे सोडायला. ताण मात्र सारखाच हवा. एक धागा सैल राहिला तर दुपदरीत तो ताठ धाग्याभोवती वळत जातो, आणि सूत दोन बाजूंनी सारखं न दिसता एका बाजूला कांड्या आल्यासारखं दिसतं.

आता टकळी उलट्या दिशेने. दोन पदर एकमेकांभोवती वळतात आणि दर फेऱ्याला पहिला पीळ थोडा सुटतो. कुठे थांबायचं त्याचा ढोबळ हिशोब असा, की दुपदरीचे फेरे एकपदरीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास हवेत. माझ्या १८ ला १२. हे १२ मोजायला धागा उलगडावा लागत नाही. दुपदरी सुताच्या एकाच कडेवरचे उंचवटे मोजले की पुरे, कारण प्रत्येक फेऱ्यात दोन्ही पदर एकेकदा त्या कडेला येतात. १० सेंटिमीटरमध्ये २४ उंचवटे दिसले म्हणजे १२ फेरे. मी हात बसेपर्यंत पट्टी मांडीवर ठेवली होती. नंतर डोळ्यांना सवय होते.

त्याहून भरवशाची खूण तंतूंची आहे. दुपदरी सूत उजेडात धरून जवळून बघायचं. पदर तिरपे असतात, पण त्यांच्यावरचे तंतू सुताच्या लांबीशी जवळजवळ समांतर दिसले, तर पीळ आणि उलटा पीळ जमले. तंतू अजून पहिल्याच पिळाच्या बाजूला झुकलेले असतील तर दुपदरी कमी झाली. ते उलट्या बाजूला झुकले असतील तर जास्त झाली. काळ्या लोकरीवर हे दिसायला खिडकीचा आडवा उजेड लागतो.

दुसरी खूण लोंबत्या फाशाची, आणि तिच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती फसवू शकते. दुपदरी सुताचा हातभर भाग सैल सोडून खाली फास लोंबू द्यायचा. तो सरळ उघडा राहिला तर सूत संतुलित. फास स्वतःभोवती वळला तर कुठल्या दिशेला वळला ते बघायचं. दुपदरीच्याच दिशेने वळला तर सूत आणखी दुपदरी पीळ मागतंय. एकपदरीच्या दिशेने वळला तर दुपदरी जास्त झाली. कातलेल्या दिवशीच दुपदरी केली तर ही कसोटी तंतोतंत बोलते.

पण कुकड्या आठवडाभर पडून राहिल्या की लोकर आहे त्या अवस्थेत मुरते. पीळ धाग्यात असतो, पण झोपलेला. धागा सैल सोडला तरी गुंडाळत नाही. अशा दोन शांत पदरांना उलटा पीळ घातला तर जागा असतो तो फक्त नवा पीळ, आणि लोंबता फास लवकरच सांगू लागतो की दुपदरी जास्त झाली. त्याचं ऐकून थांबलं तर सूत कोरडं असताना छान सरळ लोंबतं. पाण्यात बुडवलं की पदरांतला झोपलेला पीळ जागा होतो, त्याला रोखायला पुरेसा उलटा पीळ नसतो, आणि लड वेटोळी घालते. याची खात्री करायला मी एकाच मुरलेल्या कुकडीतून दोन लहान नमुने केले. एक फास सरळ लोंबेपर्यंतच वळलेला, दुसरा कागदावरच्या तुकड्याशी जुळेपर्यंत. कोरडा असताना पहिला शहाणा आणि दुसरा हट्टी दिसत होता. भिजवून वाळवल्यावर दुसरा सरळ लोंबला आणि पहिला दुपदरीच्या दिशेने वळत गेला. आजी कुकडी शिळी असली की धागा ओल्या बोटांनी ओला करून मगच सैल सोडून बघायच्या. त्यामागचं कारण मला तेव्हा नीट उमगलं.

म्हणून मुरलेल्या सुताला फासापेक्षा कागदावरचा ताजा नमुना खरा. तो नमुना कातताना, पीळ जागा असताना घेतलेला असतो. दुपदरी सूत त्याच्याशी शेजारी धरून जुळवायचं आणि कोरड्या लडीने थोडी उलटी गिरकी घेतली तरी घाबरायचं नाही.

दुपदरी झालेलं सूत खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून मी लड करते आणि चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधते. घट्ट बांधलं तर त्या जागी पाणी शिरत नाही आणि तिथे पिळाचं वाटप बिघडतं. लड कोमट पाण्यात अर्धा तास, न हलवता. मग पंचात दाबून पाणी काढायचं, दोन्ही हातांत घालून दोन-तीनदा ताड्कन ओढायची आणि वजन न लावता सावलीत टांगायची. खाली वजन लावलं तर लड वाळताना सरळ दिसते खरी, पण ती वजनाने सरळ असते, पिळाने नाही. विणलेलं बसकर पहिल्यांदा धुतलं की खरा प्रकार बाहेर येतो.

लड वाळल्यावरही दुरुस्ती करता येते, आणि टकळीवर ती सोपी आहे. दुपदरी कमी पडली असेल तर सूत पुन्हा टकळीतून त्याच दिशेने फिरवून काढायचं. जास्त झाली असेल तर एकपदरीच्या दिशेने थोडं फिरवायचं. दोन्ही वेळा लांबी सारखी मोजून घ्यायची, मीटरला किती फेरे कमी-जास्त करायचे ते उंचवट्यांवरून काढायचं. १० सेंटिमीटरला २४ ऐवजी २० उंचवटे असतील तर २ फेरे कमी आहेत, म्हणजे मीटरला २० फेरे घालायचे. एकपदरीतच पीळ कमी पडला असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. वरून कितीही दुपदरी घातली तरी पदरांतला राहिलेला पीळही सुटतच जातो. तंतू मोकळे होतात, सूत आवळलेलं दिसतं आणि हात फिरवला की त्यातून लोकर सुटते. अशी लड मी विणकामाला घेत नाही. ती गादीत भरायला किंवा पोत्याचं तोंड बांधायला जाते.

कातताना दोन कुकड्या कधीच बरोबर सारख्या होत नाहीत. एक संपते आणि दुसरीचं सूत उरतं. ते उरलेलं सूत तळहाताभोवती विशिष्ट पद्धतीने, मधल्या बोटाला वळसा घेत गुंडाळलं आणि मनगटावर सरकवलं की त्याची दोन्ही टोकं मोकळी राहतात आणि एकाच धाग्यातून दुपदरी करता येते. पेरूकडच्या अँडीज डोंगरातल्या सूत कातणाऱ्यांची ही रीत आहे, त्यांच्याकडेही लटकती टकळीच चालते. आजींना मी ती दाखवली. त्यांनी एकदा बघितली, सूत मनगटावरून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "मधल्या बोटाला आवळू नगंस, रगत थांबंल." मग स्वतःच्या मनगटावर थोडी सैल गुंडाळून राहिलेल्या सुताची दुपदरी पूर्ण केली, आणि ताजं सूत वीतभर सैल सोडून बघितलं.